वाचकांचे छोटे सर्वेक्षण कसे करावे आणि त्याचे निष्कर्ष इतरांना दुवा देता येईल असे कसे मांडावेत

एखाद्या लेखकाने आपल्या वाचकांना चार प्रश्न विचारले आणि मिळालेले आकडे प्रसिद्ध केले, तर ते आकडे वापरू इच्छिणारे इतर लेखक त्या लेखातून साधारणपणे एकच वाक्य उचलतात आणि त्याला मूळ लेखाचा दुवा जोडतात. सर्वेक्षण कसे केले, कोणाला विचारले, किती जण गप्प राहिले, हा सगळा मजकूर मूळ ठिकाणीच राहतो. त्यामुळे मर्यादा सांगणारा परिच्छेद लेखाच्या तळाशी ठेवणे पुरेसे नसते. जे वाक्य उचलले जाणार आहे, त्याच वाक्यात मर्यादा बसवावी लागते. प्रश्न ठरवण्यापासून आकडे मांडण्यापर्यंतची या लेखातील सर्व कामे त्या एका वाक्याच्या भोवती रचली आहेत.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. एक लेखिका हौशी छायाचित्रणावर लिहिते, तिचे नोंदणी केलेले 1,800 वाचक आहेत, आणि लोक आपले फोटो कसे जपून ठेवतात हे तिला जाणून घ्यायचे आहे. पुढे या उदाहरणात येणारे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. ते कोणत्याही खऱ्या सर्वेक्षणाचे नाहीत.

आधी रिकामे वाक्य लिहा

प्रश्नावली तयार करायला बसण्यापूर्वी, सर्वेक्षण संपल्यावर जे वाक्य प्रसिद्ध करायचे आहे ते आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवून लिहून काढावे. आपल्या लेखिकेचे वाक्य असे असेल: “छायाचित्रणावरील लेखनाच्या नोंदणीकृत ___ वाचकांपैकी ज्या ___ जणांनी उत्तर दिले, त्यांतील ___ जणांनी आपल्या फोटोंची दुसरी प्रत असल्याचे सांगितले, परंतु ती प्रत मागील 12 महिन्यांत उघडून पाहिल्याचे ___ जणांनीच सांगितले.”

या वाक्यामुळे दोन गोष्टी लगेच ठरतात. पहिली म्हणजे प्रश्न किती हवेत: ज्या प्रश्नाचे उत्तर वाक्यातील किंवा त्याखालच्या तक्त्यातील मोकळी जागा भरत नाही, तो प्रश्न काढून टाकता येतो. पाच ते सात प्रश्न आणि तीन-चार मिनिटांचा वेळ यापलीकडे छोटे सर्वेक्षण जाऊ नये, असे माझे मत आहे, कारण प्रश्नावली लांबली की शेवटपर्यंत टिकणारे लोक हे मुळात त्या विषयात अधिक रस असलेलेच असतात. दुसरी गोष्ट म्हणजे आकडे हाती आल्यावर त्यांतून सोयीचे तेवढे शोधत बसण्याचा मोह आवरतो. वीस प्रकारे तक्ते फिरवून पाहिले तर एखादा ठळक फरक निव्वळ योगायोगानेही दिसतो. म्हणून मुख्य निष्कर्ष कोणता असेल हे आधी लिहून ठेवणे आणि नंतर सापडलेल्या गोष्टी “नंतर आढळलेले” असे सांगून वेगळ्या मांडणे हा प्रामाणिक मार्ग आहे.

प्रश्न मताचा नको, कृतीचा हवा

“तुम्ही तुमच्या फोटोंचा नियमित बॅकअप घेता का?” हा प्रश्न वरवर सरळ वाटतो, पण त्यात तीन अडचणी आहेत. “नियमित” म्हणजे रोज की वर्षातून एकदा, हे प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो. “हो” हे उत्तर शहाणपणाचे दिसत असल्यामुळे लोक तिकडे झुकतात. आणि बॅकअप कशाला म्हणायचे हेही स्पष्ट नाही: फोनमधील फोटो आपोआप क्लाउडवर जात असतील, तर काही जण त्याला बॅकअप म्हणतील आणि काही जण म्हणणार नाहीत. फोनवर फोटो पुसला की क्लाउडवरूनही तो जात असेल, तर ती खऱ्या अर्थाने वेगळी प्रत नव्हे. पण उत्तर देणाऱ्याने हा विचार केलाच असेल असे धरून चालता येत नाही.

त्याऐवजी लेखिकेने दोन प्रश्न विचारावेत. पहिला: “तुमच्या फोटोंची अशी एखादी प्रत आहे का, जी मूळ फोन किंवा कॅमेऱ्यातील फोटो पुसले तरी शिल्लक राहील?” पर्याय: “हो, सर्व फोटोंची”, “हो, काही फोटोंची”, “नाही”, “माहीत नाही”. दुसरा, फक्त “हो” म्हणणाऱ्यांसाठी: “ती प्रत उघडून त्यातील फोटो दिसतात की नाही, हे तुम्ही शेवटचे केव्हा पाहिले?” पर्याय: मागील 3 महिन्यांत, 4 ते 12 महिन्यांपूर्वी, 12 महिन्यांहून आधी, कधीच नाही, आठवत नाही. पर्यायांच्या सीमा एकमेकींवर चढणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. “1 ते 3 महिने” आणि “3 ते 6 महिने” असे दोन पर्याय दिले, तर बरोबर तीन महिन्यांपूर्वी पाहणाऱ्याने कुठे खूण करावी हे कळत नाही.

“माहीत नाही” आणि “आठवत नाही” हे पर्याय आळशी लोकांसाठीची पळवाट आहेत, असे मानून ते वगळण्याची सवय अनेकांना असते. ती मोडावी. हे पर्याय नसतील तर खरोखर न आठवणारा माणूस अंदाजाने एखादे उत्तर निवडतो, आणि तो अंदाज पुढे तक्त्यात पक्क्या माहितीच्या रांगेत जाऊन बसतो.

प्रश्न तयार झाल्यावर चार-पाच ओळखीच्या वाचकांना समोर बसवून किंवा फोनवर घेऊन प्रश्नावली भरायला सांगावी आणि उत्तर निवडताना मनात काय आले ते मोठ्याने बोलायला सांगावे. आपण मध्ये समजावून सांगू नये, फक्त ऐकावे. “यात माझी हार्ड डिस्क धरायची का?” असा प्रश्न आला, तर शब्दरचना अपुरी आहे हे तिथेच कळते. या चाचणीतील उत्तरे अंतिम मोजणीत घेऊ नयेत.

निमंत्रणाचे शब्दही निकाल बदलतात

निमंत्रणाचा मथळा “तुम्ही फोटोंचा बॅकअप घेता का?” असा ठेवला, तर बॅकअप घेणारा वाचक आनंदाने उघडतो आणि न घेणारा संकोचाने पुढे जातो. “फोटो साठवण्याच्या सवयींविषयी पाच प्रश्न” हा मथळा रुक्ष आहे, पण दोन्ही प्रकारच्या वाचकांना सारखाच बोलावतो. निमंत्रणातच सांगावे की उत्तरे नाव न घेता एकत्रित स्वरूपात प्रसिद्ध होतील, ओळख पटवणारी माहिती काढून मूळ उत्तरांची फाइलही दिली जाईल, आणि सर्वेक्षण अमुक तारखेला बंद होईल. हे आधी सांगितले नसेल, तर नंतर फाइल प्रसिद्ध करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे समजू नये.

दुवा सर्वांसाठी खुला ठेवायचा की फक्त नोंदणीकृत वाचकांना पाठवायचा, हा निर्णय महत्त्वाचा आहे. खुला दुवा समाजमाध्यमांवर फिरला तर उत्तरे वाढतात, पण किती लोकांना विचारले हा आकडा कायमचा हरवतो. आपल्या रिकाम्या वाक्यातील पहिली मोकळी जागा मग भरताच येत नाही. छोट्या सर्वेक्षणात मी तरी कमी उत्तरे पत्करून ज्ञात यादीलाच दुवा पाठवणे पसंत करेन. सात दिवसांनी ज्यांनी उत्तर दिलेले नाही त्यांना एकच स्मरणपत्र पाठवावे. कोणी उत्तर दिले हे कळत नसेल, तर “आधी उत्तर दिले असल्यास दुर्लक्ष करावे” असे लिहून ते सर्वांना पाठवावे. दोन आठवड्यांनी सर्वेक्षण बंद करावे. प्रत्येक उत्तराची तारीख नोंदली जात आहे ना, हे आधीच तपासून घ्यावे. तिचा उपयोग पुढे येईल.

उत्तरे गाळण्याचे नियम आधी, गाळणे नंतर

आपल्या लेखिकेकडे 231 उत्तरे आली असे समजू. त्यांतील 7 दुबार होती, 11 जणांनी पहिल्या प्रश्नापुढे काही भरलेच नव्हते, आणि 7 उत्तरे परस्परविरोधी होती: म्हणजे प्रत “नाही” असे सांगून दुसऱ्या एका प्रश्नात तीच प्रत कोठे ठेवली आहे हेही लिहिले होते. ही 25 उत्तरे वगळली की 206 उरतात. काय वगळायचे याचे नियम निकाल पाहण्यापूर्वी लिहून ठेवावेत आणि प्रत्येक नियमाने किती उत्तरे गेली ते प्रसिद्ध करावे. मूळ फाइलला हात लावू नये. तिची प्रत काढून तिच्यावर काम करावे.

छेद कोणता, हे प्रत्येक टक्क्यासोबत सांगा

नवख्या लेखकांच्या हातून सर्वाधिक घोळ होतो तो येथे. 206 पैकी 139 जणांनी प्रत असल्याचे सांगितले, म्हणजे 67 टक्के. त्या 139 जणांपैकी 41 जणांनी मागील 12 महिन्यांत ती उघडून पाहिली होती. आता “29 टक्के लोक आपली प्रत तपासतात” असे लिहायचे की “20 टक्के”? 41 ला 139 ने भागले तर 29 टक्के येतात, 206 ने भागले तर 20 टक्के. दोन्ही बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात: पहिले प्रत असणाऱ्यांविषयी बोलते, दुसरे उत्तर देणाऱ्या सर्वांविषयी. वाक्यात छेद नसेल, तर उद्धृत करणारा माणूस आपल्याला हवा तो अर्थ काढतो आणि त्याला दोषही देता येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. टक्क्याआधी संख्या लिहावी: “प्रत असलेल्या 139 जणांपैकी 41 जणांनी (29 टक्के)”. टक्केवारी पूर्णांकातच द्यावी. 206 उत्तरांमध्ये एका माणसाचे वजन जवळजवळ अर्धा टक्का असते, त्यामुळे “67.48 टक्के” असे लिहिणे म्हणजे नसलेला नेमकेपणा दाखवणे होय.

गट पाडताना अधिक सावध राहावे. समजा, 206 जणांत व्यावसायिक छायाचित्रकार 23 आहेत आणि त्यांतील 20 जणांकडे प्रत आहे. “87 टक्के व्यावसायिक” हा मथळा मोहक आहे, पण आणखी दोघांनी “नाही” म्हटले असते तर तोच आकडा 78 टक्क्यांवर आला असता. पन्नासपेक्षा लहान गटासाठी टक्के न देता “23 पैकी 20” एवढेच लिहावे, हा नियम मला सोयीचा वाटतो. ही मर्यादा पन्नासच असावी असा काही शास्त्रीय दंडक नाही; ती आधी ठरवून सर्व गटांना सारखीच लावणे महत्त्वाचे आहे.

गप्प राहिलेल्यांचे काय

1,800 जणांना विचारले आणि वापरण्याजोगी 206 उत्तरे मिळाली, म्हणजे प्रतिसादाचे प्रमाण 11 टक्के. उरलेल्या 1,594 जणांविषयी आपल्याला काहीच माहीत नाही. त्यांच्यापैकी एकाकडेही प्रत नसेल, तर सर्व वाचकांमधील खरे प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास असेल. सर्वांकडे असेल, तर 96 टक्के. वास्तव या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असणार, पण 67 टक्के हा आकडा सर्व 1,800 वाचकांना का लावता येत नाही, हे या साध्या गणितावरून दिसते.

येथे उत्तरांच्या तारखा उपयोगी पडतात. स्मरणपत्रानंतर उत्तर देणारे लोक हे मुळीच उत्तर न देणाऱ्यांच्या स्वभावाला थोडे जवळचे असावेत, असे गृहीत धरून सर्वेक्षण करणारे लोक आधीच्या आणि नंतरच्या उत्तरांची तुलना करतात. आपल्या उदाहरणात स्मरणपत्रापूर्वी 148 उत्तरे आली आणि त्यांत 106 जणांकडे प्रत होती, म्हणजे 72 टक्के. नंतरच्या 58 जणांत 33, म्हणजे 57 टक्के. यावरून गप्प राहिलेल्यांचे प्रमाण काढता येत नाही, आणि 58 हा गट लहानही आहे. तरीही दिशा कळते: प्रत असणारे वाचक उत्तर द्यायला अधिक उत्सुक असावेत आणि 67 टक्के हा आकडा बहुधा वरच्या बाजूला झुकलेला असावा. हे वाक्य मर्यादांमध्ये जसेच्या तसे लिहावे. “आमचा नमुना लहान आहे” या सरधोपट कबुलीपेक्षा ते कितीतरी उपयोगी आहे, कारण चूक कोणत्या दिशेने असू शकते हे ते सांगते.

नमुना लहान असणे हा मुळात मुख्य दोषच नव्हे. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि त्यांतील वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकतील असे भाकीत केले गेले; प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी फ्रँकलिन रूझवेल्ट सुमारे 61 टक्के मते घेऊन निवडून आले. ज्यांना विचारले ते सर्व मतदारांसारखे नव्हते आणि ज्यांनी उत्तर दिले ते विचारलेल्यांसारखे नव्हते. संख्या कितीही वाढवली तरी हे दोन दोष जात नाहीत.

याच कारणाने आकड्यापुढे “अधिक-उणे 6 टक्के” असे छापण्याचा मोह टाळावा. त्रुटीची मर्यादा काढण्याचे सूत्र सर्वत्र सापडते आणि 206 उत्तरांसाठी ते सहा-सात टक्क्यांचा आकडा देतेही, पण ते सूत्र ज्यांची निवड यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावी तशी, झाली आहे अशा लोकांसाठी आहे. येथे उत्तर द्यायचे की नाही हे वाचकांनी स्वतः ठरवले. सूत्रातून आलेला आकडा छापला, तर वाचणाऱ्याला वाटते की याहून मोठी चूक संभवत नाही, आणि ते खरे नाही.

प्रसिद्ध करताना

आता रिकामे वाक्य भरून लेखाच्या अगदी आरंभी ठेवावे: “छायाचित्रणावरील लेखनाच्या 1,800 नोंदणीकृत वाचकांपैकी ज्या 206 जणांनी उत्तर दिले, त्यांतील 139 जणांनी (67 टक्के) आपल्या फोटोंची दुसरी प्रत असल्याचे सांगितले, परंतु ती प्रत मागील 12 महिन्यांत उघडून पाहिल्याचे 41 जणांनीच सांगितले.” हे वाक्य कोणी तसेच उचलले तरी कोणाला विचारले, किती जणांनी उत्तर दिले आणि हे त्यांचे स्वतःचे सांगणे आहे, या तिन्ही गोष्टी त्याच्याबरोबर जातात. मथळ्यातही “लोक” न म्हणता “छायाचित्रणाचे वाचक” म्हणावे. छायाचित्रणावर वाचणारा माणूस आपल्या फोटोंची इतरांपेक्षा अधिक काळजी घेत असणे स्वाभाविक आहे, त्यामुळे त्याच्यावरून सर्वसामान्यांविषयी बोलता येत नाही.

दुवा देणाऱ्याला नेमक्या निष्कर्षाकडे बोट दाखवता यावे, यासाठी प्रत्येक निष्कर्षाच्या उपशीर्षकाला स्वतंत्र ओळख द्यावी. एचटीएमएलमध्ये ती अशी दिली जाते:

```
<h2 id="prat-tapasani">प्रत किती जणांनी तपासली</h2>
```

म्हणजे पत्त्याच्या शेवटी `#prat-tapasani` जोडले की वाचक थेट त्या भागावर येतो. ही ओळख आणि लेखाचा पत्ता पुढे कधीही बदलू नये. आकडे केवळ चित्रात न ठेवता मजकुराच्या तक्त्यातही द्यावेत, कारण चित्रातील आकडे कॉपी करता येत नाहीत आणि शोधातही सापडत नाहीत. आलेख मात्र लेखापासून सुटून एकटाच फिरतो. म्हणून “206 उत्तरे”, सर्वेक्षणाचा महिना व वर्ष आणि लेखाचा पत्ता हे आलेखाच्या चित्रावरच छापावे. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा.

लेखाच्या पुढच्या भागात प्रश्न त्यांच्या मूळ शब्दांत आणि सर्व पर्यायांसह द्यावेत, तारखा द्याव्यात, वगळलेल्या उत्तरांचा हिशेब द्यावा आणि गप्प राहिलेल्यांविषयीचे वाक्य लिहावे. सोबत उत्तरांची सीएसव्ही फाइल आणि प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारी छोटी टीप ठेवावी. फाइलमधून ईमेल, उत्तराची नेमकी वेळ आणि मोकळ्या रकान्यातील मजकूर काढून टाकावा. वेळेच्या जागी “स्मरणपत्रापूर्वी” किंवा “नंतर” एवढेच ठेवले तरी वरची तुलना कोणालाही करून पाहता येते. ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसे आहेत तो गट “इतर”मध्ये मिसळावा, नाहीतर वय आणि व्यवसाय यांच्या मेळावरून एखादी व्यक्ती ओळखू येते. फाइलमध्ये देवनागरी मजकूर असेल, तर एक्सेलमधून जतन करताना `CSV UTF-8` हा प्रकार निवडावा. साध्या सीएसव्हीत अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात. फाइल कोणत्या अटींवर वापरता येईल तेही लिहावे. स्रोताचा उल्लेख करून मुक्त वापर चालणार असेल, तर `CC BY 4.0` हा परवाना पुरेसा आहे.

प्रसिद्धीनंतर आकड्यात दुरुस्ती करावी लागली, तर ती गुपचूप करू नये. जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि तारीख लेखाच्या वरच्या बाजूला लिहावी, कारण जुन्या आकड्याचा दुवा दिलेल्या लेखकाचा वाचक तोच आकडा शोधत तेथे येणार असतो. कोणी “67 टक्के लोक फोटोंची दुसरी प्रत ठेवतात” असे लिहून दुवा दिलेला आढळला, तर त्याला आपले पूर्ण वाक्य पाठवून बदल सुचवावा. पुढच्या वर्षी तेच सर्वेक्षण पुन्हा करायचे असेल, तर प्रश्नांचे शब्द, पर्यायांचा क्रम, निमंत्रणाचा मथळा आणि स्मरणपत्राचा दिवस आहे तसाच ठेवावा. शब्द सुधारावेसे वाटलेच, तर नवा प्रश्न जुन्याच्या नंतर जोडावा आणि वर्षांची तुलना फक्त जुन्या प्रश्नावर करावी.